वास्तववाद, उदारमतवाद आणि तक्त्यातला तिसरा रकाना

नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत सोलापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. राज्यशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या फाईलमध्ये एक पान हमखास निघतं. मधोमध उभी रेघ आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे दोन सिद्धांत: एका बाजूला वास्तववाद, दुसऱ्या बाजूला उदारमतवाद. मनुष्यस्वभाव: इकडे स्वार्थी, तिकडे चांगला. जगाची अवस्था: इकडे अराजक, तिकडे सहकार्य. शेवट कशात: इकडे युद्ध, तिकडे शांतता. खाली विचारवंतांची नावं. या पानाच्या झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरं पुसट झाली आहेत, पण मजकूर वर्षानुवर्षं तोच आहे.

तक्ता फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनशे पानं वाचून होत नाहीत, एक पान होतं. सेट-नेटच्या जोड्या लावा प्रश्नांना ते पुरतंही. अडचण येते ती वर्णनात्मक पेपरात. केंद्रीय लोकसेवा आयोगाचा पर्यायी विषय घ्या किंवा आता वर्णनात्मक झालेली राज्यसेवा मुख्य परीक्षा घ्या, तिथे ‘चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’ असे शब्द येतात आणि हा तक्ता जागच्या जागी थांबतो. माझं म्हणणं असं की तो थांबतो, कारण तो दोन सिद्धांतांची तुलना करतच नाही. तो दोन स्वभावांची तुलना करतो: एक कडक, एक मवाळ. मग विद्यार्थीही आपापल्या स्वभावाप्रमाणे एक बाजू निवडतो आणि त्याला ‘मत’ समजतो.

आधी त्या तीन ओळी बघू.

मनुष्यस्वभावाची ओळ सगळ्यात वर असते आणि सगळ्यात जास्त फसवते. सत्तेची भूक माणसाच्या स्वभावातच आहे आणि राजकारण त्या मुळातून उगवतं, असं हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये मांडलं, हे खरं. पण १९७९ मध्ये केनेथ वॉल्ट्झ यांनी वास्तववादाची जी नवी इमारत उभी केली, तिच्या पायात मनुष्यस्वभाव नाही. त्यांचं म्हणणं असं की राज्यकर्ते संत असोत की लुच्चे, त्यांच्या वर कोणी नसेल तर प्रत्येकाला स्वतःच्या रक्षणाची तजवीज स्वतःच करावी लागते. म्हणजे भीती रचनेतून येते, स्वभावातून नाही. आता उजव्या रकान्याकडे या. उदारमतवाद म्हणजे माणूस चांगला मानणं, हे कांटच्या नावावर खपवलं जातं. पण १७९५ च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात कांट म्हणतो की अक्कल असेल तर सैतानांच्या समाजालाही राज्यव्यवस्था उभारण्याचा प्रश्न सोडवता येईल. माणूस चांगला असण्यावर त्याची भिस्त नाही. नियम नीट बसवले तर स्वार्थी माणसंही नीट वागतात, यावर आहे. ही ओळ खोडून तिथे ‘भांडणाचं मूळ कुठे शोधायचं’ असा प्रश्न लिहिला तर दोन्ही रकाने एकदम बोलके होतात.

युद्ध-शांततेची ओळ तर दोन वाक्यांत निकालात निघते. मॉर्गेन्थाऊ यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला होता. सप्टेंबर २००२ मध्ये इराकवर हल्ला करू नका अशी जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये ज्या ३३ अभ्यासकांनी दिली, त्यांत वॉल्ट्झ आणि मिअरशायमर हे वास्तववादातले सगळ्यात मोठे लोक होते. लोकशाही निर्यात करण्याच्या उत्साहाने युद्धाला पाठिंबा देणाऱ्यांत मात्र उदारमतवादी पुष्कळ होते. वास्तववादी माणूस सत्तेचा हिशेब मांडतो, म्हणूनच बऱ्याचदा तो हात आखडता घ्यायला सांगतो.

तिसरी ओळ अराजकाची. इथे जरा थांबू या, कारण सोलापूरच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट घरबसल्या समजण्यासारखी आहे.

वास्तववाद्यांच्या लेखी अराजक म्हणजे दंगल नाही. राज्यांच्या वर निवाडा देणारी आणि तो अंमलात आणणारी सत्ता नसणं, एवढंच. आपली भीमा घ्या. सुमारे ११७ टीएमसीचं उजनी धरण भरून ती पुढे कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. या खोऱ्याच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र भांडले तेव्हा त्यांच्या वर केंद्र सरकार होतं. १९५६ चा आंतरराज्यीय नदी जलविवाद कायदा होता, १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला, आणि त्याने शंभरातल्या ७५ वर्षांत मिळेल असं २०६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० असं वाटून दिलं. कोणत्याही राज्याला आपलं सैन्य सीमेवर आणण्याचा प्रश्नच नव्हता. सिंधू खोऱ्यात भारत आणि पाकिस्तान यांच्या वर असं कोणी नाही. हा फरक म्हणजे अराजक.

पण इथेच तक्त्याचं नेहमीचं वाक्य अडखळतं: ‘अराजक असल्याने सहकार्य होत नाही.’ कृष्णेच्या खोऱ्यात वर सत्ता असूनही दुसऱ्या लवादाचा २०१० चा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होणं सर्वोच्च न्यायालयातल्या स्थगितीमुळे वर्षानुवर्षं अडून राहिलं. आणि सिंधू खोऱ्यात वर कोणी नसताना १९६० चा करार तीन युद्धांतून टिकला. म्हणजे वर सत्ता असणं-नसणं ही महत्त्वाची गोष्ट आहे, पण ती एकटी निकाल ठरवत नाही. अराजक ही अवस्था उदारमतवादी नाकारतात, हेही चूकच. रॉबर्ट कोहेन यांनी १९८४ मध्ये जी मांडणी केली, तिची सुरुवातच ‘अराजक आहे, राज्यं स्वार्थी आहेत’ हे वॉल्ट्झकडून उसनं घेऊन होते. वाद त्याच्या पुढे आहे. अराजकात संस्था काही बदलू शकतात का? कोहेन म्हणतात, हो: त्या माहिती पुरवतात, फसवणूक पकडून देतात आणि पुढच्या भेटीची खात्री देतात. वास्तववादी म्हणतात, जोवर बलवानांना सोयीचं आहे तोवरच. आणि दोघांना फायदा होत असला तरी प्रत्येक राज्य बघतं की समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त तर मिळत नाही ना. जोसेफ ग्रिको यांनी १९८८ मध्ये हाच सापेक्ष लाभाचा मुद्दा कोहेन यांच्या मांडणीवर रोखला.

म्हणून माझा आग्रह तिसऱ्या रकान्याचा आहे. दोन्ही सिद्धांतांना एकच प्रकरण द्या आणि कोण काय समजावतं, कोण कुठे गप्प बसतं ते लिहा. मी सिंधू पाणीवाटप करार निवडतो. अभ्यासिकेतल्या बहुतेक वह्यांत तो एप्रिल २०२५ नंतर ‘चालू घडामोडी’ म्हणून शिरला आहे, आणि सिद्धांताच्या पानाशी त्याची ओळख कोणी करून दिलेली नाही.

प्रकरण सुरू होतं फाळणीपासून. कालव्यांची मुखं भारताकडे आली आणि ते पाणी पिणारी शेतं पाकिस्तानात गेली. जैसे थे ठेवण्याचा तात्पुरता करार ३१ मार्च १९४८ ला संपला आणि दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या काही कालव्यांचं पाणी बंद केलं. ४ मे १९४८ ला दिल्लीत समझोता होऊन ते पुन्हा सुटलं. वास्तववादाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. वरच्या अंगाला असणं ही सत्ता आहे आणि ती एका दिवसात वापरता येते. पाकिस्तानच्या मनात तो एप्रिल कायमचा बसला. पुढे भारताने काहीही बांधायला घेतलं की तिकडे हेतू विचारला जात नाही, क्षमता मोजली जाते.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थाल यांनी सुचवलं की दोन्ही देशांनी सगळं खोरं एकच समजून मिळून चालवावं. हे शुद्ध उदारमतवादी स्वप्न होतं: अभियंत्यांनी एकत्र काम करावं, राजकारण आपोआप निवळेल. जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी मध्यस्थी हाती घेतली, पण दोन-तीन वर्षांत कळून चुकलं की एकत्र कारभार जमणार नाही. १९५४ मध्ये बँकेने वेगळाच प्रस्ताव ठेवला. पाणी मिळून वापरू नका, नद्याच वाटून घ्या. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सही केली ती याच वाटणीवर. रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला, त्यांवर भारताला मर्यादित वापराची मुभा.

हे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिणारे फार थोडे असतात: करार झाला हे उदारमतवादाच्या बाजूने जातं, पण कराराचा आकार वास्तववादाच्या बाजूने. एकमेकांवर अवलंबून राहायचं नाही म्हणूनच नद्या कापून वेगळ्या केल्या. पूर्वेकडच्या नद्यांचं गेलेलं पाणी पश्चिमेकडून आणायला पाकिस्तानला जोडकालवे आणि धरणं बांधावी लागणार होती. त्यासाठी बँकेसह अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी निधी उभा केला, आणि भारताने सुमारे ६.२ कोटी पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. पैसा बाहेरून आला नसता तर हा करार कागदावरच राहिला असता, असं माझं मत आहे. शीतयुद्धाच्या दिवसांत तो पैसा का आला, हे वास्तववादी आनंदाने सांगतील.

मग १९६५ आलं. रणगाडे समोरासमोर असताना भारताने त्या वर्षीचा हप्ता भरला. १९७१ मध्ये पाकिस्तानचे दोन तुकडे झाले, करार तसाच राहिला. १९९९ मध्ये कारगिल झालं, तरी दोन्ही देशांचे सिंधू आयुक्त आपल्या जागी होते. इथे उदारमतवाद्यांची मान ताठ होते. पण कोणत्या उदारमतवाद्यांची, हे विचारायला हवं. ‘लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत’ असं म्हणणाऱ्या गटाला इथे फार जागा नाही. १९६० मध्ये सही करणारे अयूब खान लष्करशहा होते, आणि १९९९ मध्ये लढाई झाली तेव्हा दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. व्यापाराने युद्ध टळतं म्हणणाऱ्या गटालाही नाही, कारण दोन देशांत व्यापार होताच कितीसा? इथे उभा राहतो तो फक्त कोहेन यांचा संस्थावादी गट. करारात स्थायी सिंधू आयोग आहे. त्याने वर्षातून किमान एकदा भेटायचं, आकडे एकमेकांना द्यायचे, जागेवर जाऊन पाहणी करायची. मतभेद मिटला नाही तर तटस्थ तज्ज्ञ, आणि तेही नाही जमलं तर लवाद न्यायालय, अशी पायऱ्यांची शिडी आहे. तक्त्यात ‘उदारमतवाद’ हा एकच शब्द असल्यामुळे विद्यार्थी कांट, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन आणि कोहेन यांना एका पोत्यात भरतो, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर लिहितो.

शिडी चालते कशी, हे बगलिहारवरून समजतं. चिनाबवरच्या या वीजप्रकल्पाला भारताने सांडव्यावर दरवाजे बसवले. भारताचं कारण होतं गाळ: हिमालयातली नदी गाळ आणते, तो बाहेर काढायचा तर खालचे दरवाजे लागतात. पाकिस्तानची शंका होती नियंत्रण: दरवाजे असले की पेरणीच्या वेळी पाणी धरता येतं आणि नको तेव्हा सोडता येतं. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी होती. सुरक्षेचा पेच याहून सोप्या भाषेत शिकवता येणार नाही, कारण इथे एकाची खबरदारी हीच दुसऱ्याची धास्ती आहे. जागतिक बँकेने नेमलेले स्विस तज्ज्ञ रेमंड लाफिट यांनी २००७ मध्ये निर्णय दिला. दरवाजे योग्य ठरले, पण धरणाच्या माथ्याची मोकळी उंची दीड मीटरने कमी करायची आणि रोजच्या वापराचा साठा ३७.५ वरून सुमारे ३२.५ दशलक्ष घनमीटरवर आणायचा. दोन्ही देशांनी ते मानलं. वर कोणी नसताना!

याच शिडीचा पुढे विचका झाला, आणि तोही २०२५ च्या कितीतरी आधी. किशनगंगा आणि रतले प्रकल्पांवरून पाकिस्तानने लवाद न्यायालय मागितलं आणि भारताने तटस्थ तज्ज्ञ. कोणती पायरी आधी, यावरच भांडण. बँकेने २०१६ च्या शेवटी दोन्ही प्रक्रिया थोपवल्या आणि २०२२ मध्ये दोन्ही एकदमच चालू केल्या. भारताने लवाद न्यायालयावर बहिष्कार घातला. स्थायी आयोगाची शेवटची बैठक मे २०२२ मध्ये झाली. जानेवारी २०२३ मध्ये भारताने करारात बदल मागणारी नोटीस दिली, २०२४ मध्ये दुसरी. संस्था कधी मोडते हे बातमीवरून कळत नाही. बैठका थांबल्या का, शिडीचा उपयोग वाद मिटवण्याऐवजी समोरच्याला अडवून धरायला होऊ लागला का, हे तपासलं की कळतं. उदारमतवाद्याने स्वतःच्या सिद्धांताची तब्येत अशीच तपासायला हवी. ‘करार ६५ वर्षं टिकला’ एवढं म्हणून थांबणं आळशीपणाचं आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. सीमेपलीकडच्या दहशतवादाला दिलेला पाठिंबा पाकिस्तान विश्वासार्ह रीतीने आणि कायमचा सोडेपर्यंत, अशी अट घातली. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सुरक्षा समितीने २४ एप्रिलला सांगितलं की पाणी अडवलं किंवा वळवलं तर ते युद्धाचं कृत्य समजू.

त्या आठवड्यात चहाच्या गाड्यावरही वास्तववाद आला होता. ‘आता पाणी बंद’ हे वाक्य मी सोलापुरात किती जणांच्या तोंडून ऐकलं! पण सत्ता म्हणजे इच्छा नव्हे, क्षमता. ही वास्तववादाची पहिली अट आहे, आणि तिचा हिशेब आपल्याला आपल्याच मापात करता येतो. पश्चिमेकडच्या तीन नद्यांतून वर्षाला साधारण १३५ दशलक्ष एकर-फूट पाणी जातं. एक दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी. गुणाकार केला तर सुमारे ५,८८० टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेल्या पन्नास उजनी. करारानेच भारताला या नद्यांवर ३.६ दशलक्ष एकर-फूट साठवायची मुभा दिली होती, म्हणजे सुमारे १५७ टीएमसी, सव्वा-दीड उजनी. साठ वर्षांत त्यातलाही फारच थोडा साठा बांधला गेला. आणि बगलिहारचा तो रोजच्या वापराचा साठा? १.१५ टीएमसी. पावसाळ्यात या नद्या अडवायला आज तरी जागा नाही. थंडीत, नदी बारीक असताना, सोडण्याची वेळ मागेपुढे करून त्रास देता येतो, आणि पाणी किती येणार हे न सांगूनही देता येतो. यापलीकडच्या दाव्यांना धरणं आणि बोगदे लागतात, त्यांना वर्षं लागतात.

तेव्हा ‘२०२५ मध्ये वास्तववाद सिद्ध झाला’ असं लिहिणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारीन. सत्ताच सगळं ठरवत असेल तर वरच्या अंगाला बसलेल्या, मोठ्या देशाने ६५ वर्षं हात का आवरला? याला वास्तववादी उत्तर आहे आणि ते चांगलं आहे: साठवायला जागा नव्हती, आणि ब्रह्मपुत्रा व खुद्द सिंधू तिबेटातून येतात, तिथे चीन वर आणि आपण खाली. आज आपण घालून दिलेला पायंडा उद्या आपल्याच डोक्यावर येऊ शकतो. दुसरा प्रश्न जड आहे. कराराने दिलेला १५७ टीएमसीचा हक्कही आपण का वापरला नाही? तो वापरायला कोणाची परवानगी नको होती, पाकिस्तानची हरकत आली असती तरी शिडी होतीच. याचं उत्तर ना रचनेत सापडतं ना संस्थेत. ते देशाच्या आत आहे: जम्मू-काश्मीरची अवघड भूगर्भरचना, पैसा, प्रकल्पांची रखडपट्टी, दिल्लीची प्राथमिकता. राज्याच्या पोटात डोकावल्याशिवाय परराष्ट्रधोरण कळत नाही, हा मुद्दा उदारमतवादातल्याच एका गटाचा आहे, आणि झेरॉक्सवाल्या तक्त्यात त्याला जागाच नसते.

एवढं झाल्यावर माझा तक्ता असा दिसतो. याहून मोठा करू नये. एका पानावर मावला पाहिजे.

| प्रश्न | वास्तववाद | उदारमतवाद | सिंधू करारात काय दिसलं |
|---|---|---|---|
| भांडणाचं मूळ कुठे? | मॉर्गेन्थाऊ: स्वभावात, वॉल्ट्झ: वर कोणी नसण्यात | राज्याच्या आतली व्यवस्था, नियमांचा आणि माहितीचा अभाव | १९४८: वरच्या अंगाची सत्ता, साठा न बांधणं: आतलं राजकारण |
| अराजकात सहकार्य होतं का? | सोयीचं आहे तोवर. सापेक्ष लाभ आड येतो | संस्था असल्या तर टिकाऊ होतं | करार झाला, पण एकत्र कारभार नव्हे, वाटणी |
| संस्था काय करतात? | बलवानांच्या हिताची सावली | माहिती देतात, फसवणूक पकडतात | २००७ चा बगलिहार निर्णय चालला. २०१६ नंतर शिडी अडली |
| भीती कशाने वाढते? | क्षमतेने, हेतू काहीही असो | माहिती थांबल्याने | सांडव्याचे दरवाजे. २०२२ नंतर आयोगाची बैठक नाही |
| सिद्धांत कुठे अडतो? | १९६५ चा हप्ता | २०२५ ची स्थगिती | दोन्ही तारखा एकाच करारातल्या |

शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि क्लासच्या नोट्समध्ये तीच कधी नसते. प्रत्येक सिद्धांताची एक तरी अडचणीची तारीख लिहिलेली असली की ‘टीकात्मक परीक्षण करा’ या प्रश्नाला घाबरायचं कारण उरत नाही.

वर्गात याला एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: एकच प्रकरण घेतलं तर विद्यार्थी त्या प्रकरणालाच सिद्धांत समजेल. पाणी खाली वाहतं, क्षेपणास्त्रं तशी वाहत नाहीत. नदीच्या वादात वरचा-खालचा भूगोल आधीच ठरलेला असतो, शस्त्रस्पर्धेत तो नसतो. त्यामुळे अण्वस्त्रांवरच्या प्रश्नाला हा रकाना जसाच्या तसा चिकटवला तर मार्क जातील, आणि जायलाच हवेत. पण प्रश्न आणि दोन्ही सिद्धांतांचे रकाने तसेच ठेवून प्रकरणाच्या रकान्यात दुसरं प्रकरण घालता येतं. मी विद्यार्थ्यांना सुचवतो तो युरोपातला कोळसा-पोलाद समुदाय, १९५१ चा. तिथे लिलिएन्थाल यांच्या धाटणीचा एकत्र कारभार खरोखर उभा राहिला. तो तिथे का जमला आणि सिंधूवर का नाही, हा प्रश्न घेऊन बसलं की पहिला वास्तववादी मुद्दा लगेच सापडतो: पश्चिम युरोपच्या डोक्यावर अमेरिकेची संरक्षणाची छत्री होती.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे. हुशार विद्यार्थी दोन्ही बाजू मांडतो आणि शेवटी लिहितो, ‘अशा प्रकारे दोन्ही सिद्धांत परस्परपूरक आहेत.’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नाखाली चालतं, म्हणूनच ते कामाचं नाही. कशाचं स्पष्टीकरण कोण देतं, हे तोडून सांगता येतं. सिंधूच्या बाबतीत माझं उत्तर असं राहील: कराराचा आकार आणि त्याचा आजचा पेच वास्तववादाने समजतो, १९६० ते २०१६ मधलं रोजचं कामकाज संस्थावादाने समजतं, आणि संधी असून न बांधलेली धरणं या दोघांपैकी कोणालाच समजत नाहीत. परीक्षक असहमत झाला तरी त्याला असहमत व्हायला काहीतरी हातात मिळालेलं असतं.

या रकान्यात अजून एक नोंद करायची राहते, आणि ती कोणत्या बाजूला लिहायची यावर माझ्याच वर्गात दोन तट पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूकडे प्रचंड पाऊस झाला, तावी नदीला पूर येणार हे दिसलं आणि भारताने पाकिस्तानला तसा इशारा दिला. पण सिंधू आयुक्तामार्फत नाही. इस्लामाबादेतल्या उच्चायुक्तालयामार्फत, मानवतेच्या भूमिकेतून. काहींचं म्हणणं पडलं की हा संस्थेचा विजय: करार स्थगित असूनही माहिती देण्याची सवय सुटली नाही. बाकीच्यांचं म्हणणं नेमकं उलट. काल जे पाकिस्तानचं हक्काचं होतं, ते आज भारताच्या मर्जीवर आलं, आणि वाट मुद्दाम बदलली ती हेच दाखवायला. मी दुसऱ्या गटाकडे झुकतो. इशारा तोच होता, पण तो न मिळाला असता तर पाकिस्तानला ‘कराराचा भंग’ म्हणून बोट दाखवायला आयोगच उरला नव्हता.